पिवळा इशारा रोज वाजतोय: खोल खोदकामाच्या देखरेखीत नेमकं काय बिघडलेलं असतं

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. "साहेब, ग्रुपवर रोज सकाळी पिवळा येतो, दुपारी पुन्हा पिवळा येतो, आणि जागेवर जाऊन बघितलं तर काहीच नसतं." पहिला आठवडा सगळे धावतात. दुसऱ्या आठवड्यात फक्त ज्युनिअर इंजिनिअर धावतो. तिसऱ्या आठवड्यात ग्रुप म्यूट होतो, आणि त्या दिवसापासून जागेवर लाखो रुपयांची उपकरणं असूनही देखरेख शून्य असते.

नाशिकमध्ये दोन-तीन तळघरांच्या इमारती वाढल्यापासून हे दुखणं मला वारंवार बघायला मिळालं आहे. यातलं एकच प्रकरण नीट उलगडून सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका एकाच जागी होत्या.

गंगापूर रोडच्या बाजूचा एक प्लॉट. तीन तळघरं, खोदकाम साडेबारा मीटर. वर अडीच मीटर काळी माती, तिथून सहा मीटरपर्यंत मुरूम आणि कुजलेला खडक, त्याखाली बेसॉल्ट. कातळाच्या आत साधारण ७.६ ते ८.१ मीटर खोलीवर तांबडा, गेरूसारखा अर्ध्या मीटरचा थर, ज्याला आपण रेड बोल म्हणतो. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधला हा थर कोरडा असताना कुदळीला दाद देत नाही, आणि पाणी लागलं की साबणासारखा होतो. कडेनं माती अडवायला ६०० मिमीच्या शोअर पाइल, म्हणजे काँक्रीटचे उभे खांब, सात मीटरपर्यंत म्हणजे कातळात एक मीटर घुसवलेल्या. त्यांना मागच्या जमिनीत ताणून धरणाऱ्या अँकरच्या दोन ओळी, अडीच आणि साडेपाच मीटरवर. पाइलच्या खाली कातळ जवळपास उभा कापायचा, रॉक बोल्ट मारायचे आणि शॉटक्रीट करायचं. पूर्वेला सहा मीटरवर शेजाऱ्यांचं तीन मजली जुनं घर, विटांच्या भारवाही भिंतींवर उभं.

देखरेखीचा आराखडा दुसऱ्या शहरातल्या कुठल्यातरी कामावरून जसाच्या तसा आलेला होता. भिंतीच्या कोणत्याही बिंदूला १० मिमी झाले की पिवळा, १५ झाले की लाल. जमिनीवरच्या खुणांना ५ आणि ८. खोदकाम तीन मीटरवर असो की बारा मीटरवर, आकडे तेच. मे महिन्यात काम सुरू झालं, जूनमध्ये इशाऱ्यांचा पाऊस सुरू झाला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला बोलावणं आलं.

आधी इशारे तीन ढिगांत वाटा

अशा जागी गेल्यावर मी खड्ड्यात उतरत नाही. महिनाभराचे सगळे इशारे कागदावर घेतो आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहितो: कोणतं उपकरण, किती वाजता, आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन. अर्ध्या तासात चित्र दिसायला लागतं. या जागेवर जवळपास सगळे इशारे तीनच ठिकाणांहून येत होते: जमिनीत ठोकलेले खिळे, शेजारच्या घरावर लावलेले प्रिझम, आणि एक इन्क्लिनोमीटर, म्हणजे जमिनीत पुरलेल्या नळीत प्रोब सोडून तिचा कल मोजणारं उपकरण.

खिळ्यांपासून सुरुवात करू. पूर्वेच्या गल्लीत काळ्या मातीत फूटभर लांबीचे खिळे ठोकून त्यांच्या डोक्यावर लेव्हल घेतली जात होती. पायाभूत रीडिंग मे महिन्यात, तेही एकदाच घेतलेलं, जेव्हा मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या. जूनचे पहिले पाऊस पडले, माती फुगली, आणि खिळे सहा ते आठ मिमी वर आले. आता खोदकामाशेजारची जमीन वर येत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काय? पण गणकपत्रकातली इशाऱ्याची ओळ अशी होती:

```
=IF(ABS(C2)>=5,"AMBER","OK")
```

ही ABS सगळ्या चिन्हांना सारखंच मानते. वर आलं तरी पिवळा, खाली गेलं तरी पिवळा. खचण्याला उणे चिन्ह द्यायचं ठरलेलं असेल तर ओळ अशी हवी होती:

```
=IF(C2<=-5,"AMBER","OK")
```

हे दुरुस्त करायला एक मिनिट लागलं, पण खरा दोष त्याच्या खाली होता. हेच खिळे नोव्हेंबरनंतर माती सुकली की पुन्हा खाली बसणार, आणि तेव्हा चिन्हही बरोबर असेल, आकडाही बरोबर असेल, फक्त त्याचा खोदकामाशी संबंध नसेल. काळ्या मातीत ठोकलेला खिळा ऋतू मोजतो. म्हणून ते सगळे काढले. त्याऐवजी पीव्हीसी पाइपच्या आत मोकळी राहील अशी २० मिमीची सळई थेट मुरुमात, तीन मीटर खाली, ग्राउटनं बसवली. पाइप काळ्या मातीबरोबर वरखाली होतो, सळई होत नाही. आणि शेजारच्या घरासाठी खुणा जमिनीवर न ठेवता घराच्या भिंतीतच, जोत्याच्या वर बसवल्या. आपल्याला काळजी घराची आहे, गल्लीची नाही.

हे करताना एक जुनी खोड सापडली. लेव्हलचा बेंचमार्क प्लॉटच्याच कंपाउंडच्या कोपऱ्यावर, खड्ड्यापासून नऊ मीटरवर होता. म्हणजे ज्या जमिनीच्या हालचालीवर नजर ठेवायची, तिच्यावरच मोजपट्टी उभी. याची ओळख सोपी आहे: एकाच दिवशी सगळे बिंदू एकाच दिशेनं सारख्याच आकड्यानं हलले, तर बिंदू नाही, बेंचमार्क हललेला असतो. जूनच्या दोन तारखांना अगदी असंच झालेलं होतं, सगळीकडे अधिक तीन. आम्ही खोदकामाच्या खोलीच्या तिपटीबाहेर, म्हणजे चाळीस मीटरपलीकडे, उघड्या कातळावर तीन बेंचमार्क केले. तीन अशासाठी, की दोन असले आणि त्यांच्यात फरक आला तर कोण खोटं बोलतंय ते कळत नाही.

दुपारचे प्रिझम

दुसरा ढीग. शेजारच्या घराच्या गच्चीच्या कठड्यावर पाच प्रिझम, टोटल स्टेशननं सकाळ-दुपार वाचायचे. दुपारच्या रीडिंगमध्ये चार-पाच मिमी हालचाल, दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. नाशिकची हवा इथे आडवी येते. उन्हाळ्यात पहाटे आणि दुपारमध्ये पंधरा-सतरा अंशांचा फरक सहज पडतो, थंडीत त्याहून जास्त. कठडा तापतो, ट्रायपॉडचा एक पाय उन्हात आणि दोन सावलीत असतात, आणि गरम पत्र्यावरून जाणारी दृष्टिरेषा थरथरते.

हे खरं आहे की बहाणा, हे ठरवायची एक चाचणी आहे. एक आठवडा तेच प्रिझम सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठला वाचा, आणि रीडिंग तापमानापुढे मांडा. बिंदू गोल फिरून रोज पहाटे त्याच जागी परत येत असेल, तर ते तापमान आहे. पहाटेची जागा रोज थोडी थोडी एकाच दिशेला सरकत असेल, तर वळसा तापमानाचा आणि सरकणं जमिनीचं. इथे पाचपैकी चार प्रिझम परत येत होते. पाचवा परत येत नव्हता, तर त्याचा डिंक सुटला होता.

उपाय साधाच: इशारा फक्त पहाटेच्या रीडिंगवर द्यायचा. स्वयंचलित टिल्ट सेन्सर असतील तर पहाटे चार ते सहामधल्या रीडिंगची सरासरी घेऊन तिच्यावर. दिवसभरातली बाकीची रीडिंग साठवा, पण त्यांच्यावर घंटा बांधू नका.

इन्क्लिनोमीटर: सरळ कललेली रेघ आणि कोपर

तिसरा ढीग जरा खोलात जाऊन सांगतो, कारण पुढे जे घडलं ते याच उपकरणात दिसलं. पूर्वेच्या भिंतीमागे एक मीटरवर दोन नंबरचं इन्क्लिनोमीटर, अठरा मीटर खोल नळी. प्रोब तळाला सोडून दर अर्ध्या मीटरला कल वाचायचा, मग प्रोब १८० अंश फिरवून पुन्हा तेच. दोन्ही वाचनांची बेरीज प्रत्येक खोलीवर जवळपास सारखी आली पाहिजे. तिला चेकसम म्हणतात. ती इकडेतिकडे उड्या मारत असेल तर त्या दिवसाचा संच बाद करा आणि पुन्हा वाचा.

जूनमध्ये या नळीच्या डोक्यावर अकरा मिमी दिसले होते, म्हणून पिवळा. पण आलेख बघितला तर तळापासून डोक्यापर्यंत एक सरळ कललेली रेघ. अख्खी जमीन, कातळासकट, पुस्तकाच्या पानासारखी कलत नाही. ही प्रोबच्या शून्याची चूक, खोलीबरोबर साठत जाणारी. चौकशीत कळलं की मधे प्रोब दुरुस्तीला गेला होता आणि दुसरा प्रोब आला होता, पण पायाभूत संच जुन्याच प्रोबचा राहिला. खऱ्या हालचालीचा आलेख वेगळा असतो: खाली सरळ, एका ठरावीक खोलीवर कोपर, आणि त्याच्या वर सरकलेला भाग.

प्रोबची चूक किती असते याचा एक अंदाज मनात असावा. उत्पादक स्वतः २५ मीटरच्या नळीला सहा मिमी इतकी एकूण चूक धरायला सांगतात. त्यातला मोठा वाटा अशाच साठणाऱ्या चुकांचा, ज्या ओळखून काढता येतात. उरलेली यादृच्छिक चूक एका वाचनाला साधारण ०.१६ मिमी धरतात, आणि ती वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढते. अठरा मीटरला ३६ वाचनं, म्हणजे डोक्यावर ०.१६ गुणिले ६, जवळपास १ मिमी. दोन दिवसांच्या संचांमधला फरक घेतला की साधारण १.४. म्हणजे डोक्याचा आकडा कालच्यापेक्षा एक मिमीनं वाढला, एवढ्यावर काहीच म्हणता येत नाही.

पण हाच हिशेब एका मीटरच्या तुकड्यावर करा. फक्त दोन वाचनं, चूक ०.२३, दोन संचांच्या फरकाला ०.३२. म्हणजे सात-आठ मीटरवर कुठे कोपर पडत असेल तर दिवसाला एक मिमीची हालचाल तिथे स्वच्छ दिसते, जी डोक्याच्या आकड्यात गोंधळात बुडून जाते. रेड बोलसारखा थर असलेल्या जागी त्या थराच्या वरचा-खालचा तुकडा वेगळा काढून बघणं यासाठीच.

आणखी एक. नळी पाइलच्या आत बसवली असती तर ती सात मीटरवर संपली असती, आणि तांबडा थर तिच्या खाली राहिला असता. आपल्याकडे पैसे वाचवायला हे सर्रास होतं. नळीचा तळ खोदकामाच्या तळाखाली, न हलणाऱ्या कातळात किमान तीन मीटर जायलाच हवा. नाहीतर तळच हलतो आणि आपण त्याला शून्य मानून बसतो.

पातळ्या नव्यानं कशा ठरवल्या

डिझायनर मॅडमना बसवून घेतलं आणि विचारलं, प्रत्येक टप्प्याला भिंत किती हलेल असं तुमचं गणित सांगतं? त्यांच्याकडे आकडे होते. आराखडा लिहिणाऱ्यानं ते मागितलेच नव्हते. त्यावरून हा तक्ता झाला, सगळे आकडे मिमीमध्ये, भिंतीच्या सरकण्याचे:

| खोदकाम | अपेक्षित | पिवळा | लाल |
|---|---|---|---|
| ३ मी | ५ | ६ | १० |
| ६ मी | ९ | ९ | १४ |
| ९ मी | १३ | १३ | १९ |
| १२.५ मी | १८ | १८ | २५ |

पिवळा म्हणजे गणिताइतकी हालचाल झाली, आता बघा. लाल म्हणजे भिंत आणि अँकर जेवढं सहन करतील असं डिझाइन आहे त्याच्या कडेला आलात. पहिल्या टप्प्याला पाचऐवजी सहा ठेवलं, कारण साठणाऱ्या चुका काढल्यावरही दोन मिमीचा गोंधळ धरून चाललो होतो, आणि त्याच्या तिपटीखाली इशारा लावला तर पुन्हा रोज घंटा.

पिवळा आणि लाल यांच्यातलं अंतर किती असावं, यावर बरीच डोकेफोड झाली. अनेक जागी अपेक्षित हालचालीच्या ८० टक्क्यांना पिवळा आणि १०० टक्क्यांना लाल लावतात. पहिल्या टप्प्याला तसं केलं असतं तर पिवळा ४ आणि लाल ५. उपकरणाची चूकच त्या दोघांतल्या अंतराहून मोठी, त्यामुळे दोन्ही इशारे एकाच सकाळी येतात. अंतर असं हवं की पिवळा आल्यापासून काहीतरी करायला वेळ उरेल. नवा अँकर मारायचा तर ड्रिलिंगला एक-दोन दिवस, ग्राउट पिकायला सात दिवस, मगच ताण देता येतो. चार ते सात मिमीचं अंतर ठेवलं तरी दिवसाला एक मिमीच्या वेगापुढे ते पुरत नाही. म्हणून पातळ्यांशिवाय वेगाचा इशारा वेगळा ठेवला: एका मीटरच्या कोणत्याही तुकड्यात लागोपाठ तीन रोजची रीडिंग एकाच दिशेनं, आणि मिळून ३ मिमी, की थेट लालसारखी कृती. डोक्याचा आकडा तेव्हा काहीही असो.

शेजारच्या घराला वेगळा नियम. तिथे एकूण खचण्यापेक्षा दोन बिंदूंमधला फरक तडे पाडतो. १९५६ साली स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड यांनी प्रत्यक्ष इमारतींवरून काढलेला निष्कर्ष आजही वापरतात: लांबीच्या तीनशेव्या भागाइतका फरक पडला की भिंतींना तडे जातात, आणि डिझाइनला पाचशेवा भाग धरावा. विटांचं जुनं घर म्हणून आम्ही हजारावा भाग लाल मानला. एकमेकींपासून सहा मीटरवरच्या दोन खुणांत ६ मिमी म्हणजे लाल, ३ म्हणजे पिवळा. खोदकाम पुढे जाण्याआधी घराच्या सगळ्या जुन्या भेगांचे फोटो काढून मालकांच्या सहीनं ठेवले, आणि मोठ्या चार भेगांवर काचपट्टीऐवजी मिमीची खूण असलेले क्रॅक गेज लावले. काचपट्टी फुटली की भेग वाढली एवढंच कळतं, किती वाढली ते कळत नाही.

इशारा आला की कोण काय करतो

जुन्या आराखड्यात याचं उत्तर एका वाक्यात होतं, "योग्य ती कार्यवाही करावी". हे वाक्य दिसलं की समजावं, रात्री अकरा वाजता कुणीच काही करणार नाही.

पिवळ्याला आम्ही ठरवलं: चार तासांत दुसऱ्या माणसानं तेच रीडिंग पुन्हा घ्यायचं. बेंचमार्क, पाऊस आणि त्या दिवशी त्या पट्ट्यात काय खोदलं याची नोंद त्याच कागदावर. डिझायनरला त्याच दिवशी फोन. उत्तर येईपर्यंत त्या दहा मीटरच्या पट्ट्यात आणखी खोल जायचं नाही. बाकी काम चालू. रीडिंग दिवसातून दोनदा.

लालला: तासाभरात त्या बाजूचं खोदकाम बंद, भिंतीच्या पायथ्याशी माणूस नको, गल्ली बंद, आणि पायथ्याला मुरुमाचा धक्का द्यायचा. रीडिंग दर सहा तासांनी, रात्रीसुद्धा. शेजाऱ्यांना आम्हीच जाऊन सांगायचं, त्यांना कॉलनीतून कळता कामा नये. घराला किंवा रस्त्याला धोका दिसला तर महापालिकेला त्याच दिवशी लेखी. काम थांबवण्याचा अधिकार सेफ्टी सुपरवायझर मामांना लेखी दिला, मालकाला विचारायची गरज नाही. यावर मालक सुरुवातीला नाखूश होते. मी त्यांना फक्त एवढं विचारलं, रात्री तुमचा फोन सायलेंटवर असतो का?

मुरुमाचा धक्का कागदावर लिहिणं सोपं आहे, पण मुरूम कुठे आहे? हिशेब केला. तीन मीटर उंच, वर एक मीटर आणि खाली चार मीटर रुंद धक्का, म्हणजे साडेसात चौरस मीटर छेद. पंधरा मीटर लांबीला ११२ घनमीटर, म्हणजे साधारण चाळीस ब्रास. तेवढा मुरूम खड्ड्याच्या आतच पश्चिमेच्या कोपऱ्यात राखून ठेवला, आणि एक पोकलेन आणि त्याचा ऑपरेटर रात्री जागेवरच राहील असं ठरवलं. ठेकेदारानं तो ढीग दोनदा विकायचा प्रयत्न केला, हेही सांगून टाकतो.

रिपोर्टचं वेळापत्रक बदललं ते असं. पूर्वी आठवड्याची पीडीएफ तीन दिवस उशिरा यायची, चाळीस पानी, कुणी न उघडलेली. आता ज्या पट्ट्यात खोदकाम चालू आहे तिथलं इन्क्लिनोमीटर आणि लेव्हल रोज, बाकी ठिकाणी आठवड्यातून दोनदा. रीडिंग संपल्यापासून दोन तासांत आकडे डिझायनरकडे. आठवड्याला एकच पान, ज्यावर आलेखाखाली त्या दिवशीची खोदकामाची खोली आणि पाऊस छापलेला असतो, कारण या दोन ओळी नसतील तर आलेख वाचता येत नाही. राफ्ट, म्हणजे तळाचा सलग पाया, पडल्यावर आठवड्याला एकदा, तळघरांचे स्लॅब पूर्ण झाल्यावर महिन्याला एकदा, आणि तीन महिने काही हललं नाही तर बंद. नव्या पायाभूत रीडिंगचे तीन संच वेगवेगळ्या दिवशी, एकाच प्रोबनं घेतले. जून-जुलैमध्ये झालेली हालचाल मात्र पुसली नाही. जुन्या शून्याचा आलेख फिक्या रेघेनं तसाच ठेवला, नाहीतर दर वेळी शून्य नव्यानं धरून माणूस खचणं लपवू शकतो.

पुढचे सात आठवडे पिवळे इशारे दोनच आले, दोन्ही तपासून मिटले. ग्रुप पुन्हा उघडा झाला.

सप्टेंबरचे तीन दिवस

पूर्वेचं खोदकाम साडेआठ मीटरला पोचलं, म्हणजे तांबडा थर उघडा पडला. दोन नंबरच्या नळीत डोक्यावर आठ मिमी होते, अपेक्षित तेराच्या आत. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी १०.२. तिसऱ्या दिवशी ११.६. पिवळ्याला अजून दीड मिमी बाकी. पण ७.५ ते ८.५ मीटरच्या तुकड्यात १.०, १.२ आणि १.४, मिळून ३.६, सगळे खड्ड्याकडे. वेगाचा इशारा तिसऱ्या सकाळी वाजला.

पहिली प्रतिक्रिया माझीच चुकीची होती. "प्रोब बघा आधी," असं मी म्हणालो. चेकसम नीट, दुसऱ्या माणसानं पुन्हा वाचलं, तोच कोपर. यात दोन तास गेले. मग साइट डायरी काढली, तर पहिल्याच दिवशी फोरमननं लिहून ठेवलेलं, "तांबड्या मातीतून ओल". ती ओळ आमच्यापर्यंत पोचली नव्हती, कारण डायरी आणि रीडिंग वेगवेगळ्या कपाटात राहत होती.

दुपारी एकला खोदकाम थांबलं. संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेला मुरूम पायथ्याला पडला. तोवर ओलीचा माग काढला. पाऊस चार दिवस नव्हता, तरी भिंतीमागच्या, भूजलाची पातळी मोजायच्या स्टँडपाइपमध्ये पाणी तीन आठवड्यांत चढत गेलेलं. शेजारच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला तळाशी चीर होती. मालकांनी त्याच रात्री टाकी रिकामी करू दिली, हे त्यांचे उपकार. दोन दिवसांत स्टँडपाइपमधलं पाणी मीटरभर उतरलं. कातळाच्या तोंडात, तांबड्या थराच्या जरा वरती ७५ मिमीची चार मीटर लांब छिद्रं किंचित वरच्या चढानं मारली. पहिल्या दोनमधून धार लागली.

चौथ्या दिवशी ०.९, पाचव्या दिवशी ०.५, सहाव्या दिवशी ०.२, मग गोंधळाच्या आत. डोक्याचा आकडा पाचव्या दिवशी तेरावर पोचला आणि पातळीचा पिवळा इशारा तेव्हा वाजला, मुरूम टाकून दोन दिवस झाल्यावर. केवळ एकूण आकड्यावर बसलो असतो तर आमची कृती तिथून सुरू झाली असती.

नंतर पाइलच्या पायथ्याशी वेलर, म्हणजे आडवी तुळई, बांधून अँकरची तिसरी ओळ मारली, तांबडा थर ओलांडून खालच्या कातळात. सात दिवस ग्राउट, मग ताण. मुरूम पाच-पाच मीटरच्या तुकड्यांत काढला, प्रत्येक तुकड्यानंतर एक रीडिंग. शेजारच्या घरात दोन खुणांतला सगळ्यात मोठा फरक २ मिमी आला, क्रॅक गेज एकही हलला नाही.

यात काय पकडलं जात नाही

ही पद्धत सावकाश सरकणाऱ्या गोष्टी पकडते. बेसॉल्टच्या दोन सांध्यांमधली पाचर सुटून पडते तेव्हा आधी मिमी मोजायला वेळ देत नाही. दोन नळ्यांच्या मधे बारा मीटरचं अंतर असतं आणि पाचर दोन मीटरची असते. त्यासाठी रोज सकाळी भूशास्त्र कळणाऱ्या माणसानं उघड्या कातळाकडे डोळ्यांनी बघणं आणि त्याच दिवशी बोल्ट मारणं याला पर्याय नाही. आमच्या जागेवर ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या बाजूला ट्रंकेएवढा दगड पडला, जेवणाच्या सुट्टीत. कोणतंच उपकरण काही बोललं नाही.

आणि नळीच्या तोंडाला कुलपाचं झाकण ठेवा. दोन नंबरचं झाकण नोव्हेंबरमध्ये कुणीतरी नेलं, गल्लीतल्या पोरांनी आत गोटे टाकले, आणि प्रोब तेव्हापासून सोळा मीटरच्या खाली जात नाही. त्यामुळे आता शून्य सोळावर धरावं लागतं. जुने सगळे संचही त्याच खोलीवरून पुन्हा मोजून घेतले आहेत, म्हणजे आलेख एकमेकांशी जुळतात.